जॉइनिंग बोनस परत मागितला तर: किती देणं लागतं आणि अर्ज कसा करायचा

मुदतीआधी नोकरी सोडली तर कंपनी जॉइनिंग बोनस किंवा स्थलांतराचा खर्च परत मागू शकते का? हो, पण तशी अट तुम्ही सही केलेल्या कागदावर असेल तरच. "आमच्याकडे अशी पॉलिसी आहे" असं राजीनाम्यानंतर एचआरने सांगितलं, तर ती पॉलिसी ऑफर लेटरने लागू केली होती का, हे आधी विचारा. अट खरोखर सापडली, तरी मागितलेला आकडा बरोबर असेलच असं नाही. माझ्या मते वाद घालायची खरी जागा या आकड्यातच असते.

अट वाचताना पहिला प्रश्न असा की ती कशामुळे लागू होते. स्वतःहून राजीनामा दिला किंवा गैरवर्तनामुळे काढलं तर वसुली, असं सहसा लिहिलेलं असतं. अशा अटीत कंपनीने नोकरकपात म्हणून काढलेल्या माणसाकडून पैसे मागता येत नाहीत. "कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास" असे शब्द असतील तर मात्र प्रकरण अवघड होतं, आणि अशा वेळी स्थानिक कायदा बघावाच लागतो. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2026 पासूनच्या करारांसाठी जॉइनिंग बोनसच्या वसुलीवर मर्यादा आल्या आहेत: अट वेगळ्या करारात हवी, मुदत दोन वर्षांपेक्षा जास्त नको, रक्कम उरलेल्या काळाच्या प्रमाणातच, आणि त्यावर व्याज नाही. तुम्ही कुठेही राहत असाल, तरी आपली अट किती रास्त आहे हे जोखायला ही चांगली मोजपट्टी आहे.

आता आकड्याकडे येऊ. समजा बोनस 3,00,000 होता, त्यावर 30 टक्के कर कापून 2,10,000 खात्यात आले, आणि मुदत 12 महिन्यांची आहे. रुजू 1 फेब्रुवारीला, राजीनामा 1 ऑगस्टला, नोटीस पिरियड धरून शेवटचा दिवस 30 सप्टेंबर. म्हणजे सेवा 8 महिने झाली. अटीत "प्रमाणात" हा शब्द असेल तर उरलेल्या 4 महिन्यांचे 1,00,000 परत द्यायचे. एचआरने राजीनाम्याच्या तारखेपर्यंतच मोजलं तर हेच 1,50,000 होतात. शेवटच्या दिवसापर्यंत तुम्ही नोकरीत असता, म्हणून अट "नोकरी संपल्याची तारीख" म्हणत असेल तर नोटीसचे महिने धरलेच पाहिजेत. "प्रमाणात" हा शब्दच नसेल, तर पूर्ण 3,00,000 मागितले जाऊ शकतात. मुदत रुजू झाल्यापासून मोजायची की बोनस जमा झाल्यापासून, हेही तपासा, कारण बोनस अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या पगारासोबत येतो.

करामुळे आणखी एक गोची होते. हातात आले 70 टक्के, आणि मागणी येते कर धरून. वसुली त्याच कर-वर्षात झाली तर कंपनी पगारातून तेवढं उत्पन्न वजा दाखवून कराचा हिशेब सरळ करू शकते. तसं लेखी मागा. वर्ष उलटलं की भरलेला कर कंपनीच्या हातात राहत नाही. तो परत मिळवायचा तर कर खात्याकडे तुम्हालाच जावं लागतं, आणि तो मिळेल की नाही हे तिथल्या नियमांवर ठरतं. म्हणून शक्य असेल तर शेवटचा दिवस ठरवताना कर-वर्षाची अखेर लक्षात घ्या.

स्थलांतराच्या खर्चात मर्यादा आणि प्रत्यक्ष खर्च यांची गल्लत होते. मर्यादा 1,20,000 ची होती, पण बिलं 85,000 चीच दिली होती, तर हिशेब 85,000 वरच व्हायला हवा. सामान नेणाऱ्या कंपनीला पैसे थेट गेले असतील तर त्या बिलाची प्रत मागून घ्या. आकडा पडताळायला दुसरा मार्ग नसतो.

वसुलीचा हिशेब मागणारा अर्ज राजीनाम्यासोबतच किंवा लगेच नंतर करा, फुल अँड फायनलचा हिशेब होण्याआधी. एचआरला मेलवर तपशीलवार आकडेमोड मागा: मूळ रक्कम, मोजलेले महिने, कराची वजावट, आणि कराराचं कोणतं कलम. सोबत ऑफर लेटर आणि सही केलेली अट, बोनस आलेल्या महिन्याची पगारस्लिप, बँकेचं विवरण, स्थलांतराची बिलं आणि शेवटचा दिवस लिहिलेलं राजीनामा-स्वीकृती पत्र जोडा. घरातलं आजारपण किंवा कंपनीनेच कामाचं ठिकाण बदलणं असं कारण असेल तर माफीची किंवा हप्त्यांची विनंती त्याच अर्जात करा, कागदांसह. होकार तोंडी मिळाला तर तो मेलवर लिहून घ्या.

शेवटच्या पगारातून पैसे परस्पर कापले तर गप्प बसू नका. पगारातली कपात अनेक देशांत लेखी संमतीशिवाय किंवा ठराविक मर्यादेपलीकडे करता येत नाही. मग कंपनीला वेगळी मागणी करावी लागते. वाद असेल तर जो भाग मान्य आहे तेवढाच भरा, बाकीच्या रकमेवर हरकत आहे असं लिहा, आणि रिलीव्हिंग लेटर त्यासाठी अडवू नये अशी मागणी त्याच मेलमध्ये करा. नवी कंपनी ही परतफेड उचलायला तयार असेल, तर तिला जुन्या कंपनीचं मागणीपत्र लागतं. तेही आताच मागून ठेवा.