माणसाचा ‘क्लेम’ होतो तेव्हा

चवथीच्या आदल्या दिवशी गोव्यात डिचोलीला मामाच्या घरी आम्ही गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधत होतो. मामेबहीण स्टुलावर उभी राहून सुपारीची शिपटी आणि तोरिंगणं अडकवत होती. ती मुंबईत एका विमा कंपनीत हॉस्पिटलचे क्लेम तपासते. मध्येच ऑफिसचा फोन आला. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं एक बिल राहिलं होतं. “तो ना, रोज रडतो. ठेव तसाच,” असं म्हणून तिनं फोन ठेवला. मामी खालून काथ्या देत होती. तिनं विचारलं, “बाय, तू कधीपासून असं बोलायला लागलीस?”

ती गप्प झाली. रात्री मला म्हणाली, “ताई, आईनं विचारलं नसतं तर मला कळलंच नसतं.”

हे बर्नआउट होतं, कामाच्या ताणानं माणूस आतून रिकामा होत जाणं. बर्नआउट म्हटलं की आपण थकवा शोधतो, आणि तिला थकवा ठाऊक होताच. मार्चपासून झोपून उठलं तरी अंग जड असायचं. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा यायचा. पण मुंबईत लोकल पकडणारं कोण थकलेलं नसतं? त्यामुळे तिनं ते मोजलंच नाही.

1974 साली न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी या अवस्थेवर लिहिलं. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी लोकांची सेवा करणाऱ्या नोकरदारांशी बोलून ती मोजायची प्रश्नावली तयार केली, ती 1981 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहतात: शक्ती संपणं, कामापासून आणि माणसांपासून मन तुटणं, आणि आपल्याला काही जमतं ही खात्री ओसरणं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये हीच चौकट घेतली आणि बर्नआउट हा आजार नसून, न आवरलेल्या दीर्घ कामाच्या ताणातून येणारी, कामापुरती अवस्था आहे असं म्हटलं.

मला यातली दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती ज्याला होते त्यालाच दिसत नाही. दिवसाला पन्नास माणसांची दुखणी वाचायची आणि प्रत्येकाची काळजी वाहायची, हे मनाला फार काळ झेपत नाही. मग मन अंतर ठेवतं. हा बचावच आहे, आणि सुरुवातीला त्याचा उपयोगही होतो. पण ते अंतर वाढत गेलं की समोरच्याचं नाव पुसलं जातं. बहिणीच्या जुन्या डायरीत ‘कामतकाका, गुडघा’ अशा नोंदी होत्या. मे महिन्यानंतर फक्त क्लेमचे आकडे. जूनमध्ये ती एकच मेल तीनदा वाचू लागली, जुलैत एका फाईलवर चुकीची रक्कम टाकली, आणि ‘मला हे कामच येत नाही’ असं तिला वाटू लागलं.

चवथीच्या सुट्टीत ती तिसऱ्या रात्री गाढ झोपली. आरतीला टाळ वाजवताना हसत होती, माटोळीचं कौतुक ऐकून खुलत होती. परतल्यावर दोन आठवड्यांत सगळं पहिल्यासारखं झालं. सुट्टीवरच्या अभ्यासांतही असंच दिसतं: मिळालेली ताकद साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते, कारण काम बदललेलं नसतं.

डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला लावलं, कारण थकवा त्यांतूनही येतो. दोन्ही ठीक निघाले. मग विचारलं, “घरी, मित्रमैत्रिणींत मन रमतं का?” नैराश्यात बहुधा सगळीकडचीच गोडी जाते. बर्नआउट कामाभोवती घुटमळतं. मात्र दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि जगणं नकोसं वाटत असेल तर बर्नआउट म्हणून थांबू नये. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक त्यासाठीच आहे. बहिणीचं मन घरी रमत होतं.

मग तिनं वर्षभराचं काम कागदावर मांडलं. रोजच्या फाईली 30 वरून 48 झाल्या होत्या. पण तिला जास्त बोचलं ते वेगळंच. पूर्वी छोटे क्लेम ती स्वतः मंजूर करत असे. एप्रिलपासून प्रत्येकाला वरची सही लागत होती, आणि उशिराचे फोन मात्र तिलाच येत होते. ओझं जास्त आणि हातात अधिकार नाही, ही जोडी माणसाला फार लवकर पोखरते.

तिनं तो कागद वरिष्ठांपुढे ठेवला. फाईली 36 वर आल्या. सहीचा अधिकार अजून परत मिळालेला नाही. झोप महिन्याभरात सुधारली, चुका कमी व्हायला त्याहून वेळ लागला. नोव्हेंबरात तिचा फोन आला, तेव्हा बोलता बोलता म्हणाली, “त्या आजोबांचं बिल पास झालं गं. शिरोडकर त्यांचं नाव.”