सोनवणे, पण कोणते? आडनावाच्या रोमन स्पेलिंगची पार्श्वभूमी

पासपोर्ट, बँक आणि शाळा या तीन ठिकाणी एकाच माणसाचे आडनाव तीन तऱ्हांनी का लिहिलेले असते, याचे उत्तर निष्काळजीपणात शोधण्याची सवय आपल्याला आहे. प्रत्यक्षात बहुतेक मराठी कुटुंबांनी आपल्या आडनावाचे रोमन रूप कधी ठरवलेलेच नाही. ते वेगवेगळ्या दशकांत वेगवेगळ्या कारकुनांनी आपापल्या कानाप्रमाणे लिहिले आणि पुढे ते तसेच चालू राहिले.

मराठी नावे रोमन लिपीत कशी लिहावीत याची चर्चा जुनी आहे. आशियाई भाषांतील शब्द रोमन अक्षरांत लिहिण्याची एक शिस्तबद्ध पद्धत 1788 मध्येच छापली गेली होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने तिच्यावर बेतलेली पद्धत गावांच्या नावांसाठी स्वीकारली. माणसांच्या नावांना मात्र ती कोणी सक्तीने लावली नाही. गावांच्या बाबतीतही व या अक्षराचा निकाल लागला नाही, कारण वर्धा आणि वाई W ने, तर वेंगुर्ले आणि विटा V ने, असेच आजही चालू आहे.

सोनवणे हे आडनाव घेतले, तर गाठ कुठे पडते ते दिसते. लेखनाप्रमाणे गेल्यास ‘न’ मधला अ लिहावा लागतो, उच्चाराप्रमाणे गेल्यास तो गळतो. व साठी V किंवा W यांपैकी काहीही चालते. म्हणजे Sonavane, Sonawane, Sonvane आणि Sonwane अशी चार रूपे होतात आणि चारही कोणत्या ना कोणत्या नियमाने बरोबर ठरतात. ण आणि न यांतला फरक तर साध्या रोमन अक्षरांत उरतच नाही, त्यामुळे त्यावर वाद घालण्याचीही सोय नाही.

या प्रश्नाला खरे वळण 1964 च्या राजभाषा अधिनियमानंतरच्या काळात मिळाले. राज्याचा कारभार मराठीत होऊ लागला, मराठी माध्यमाच्या शाळांचे जनरल रजिस्टर आणि शाळा सोडल्याचा दाखला मराठीतच राहिला, सातबाराही मराठीतच होता. परिणामी असंख्य विद्यार्थ्यांचे आडनाव रोमन लिपीत अधिकृतपणे पहिल्यांदा उमटले ते दहावीच्या परीक्षेच्या अर्जावर. रजिस्टरमधले मराठी नाव पाहून तो अर्ज शाळेतला लिपिक भरत असे, परीक्षेआधी शाळेत तपासणीसाठी येणाऱ्या प्रीलिस्टवर विद्यार्थी घाईने सही करत असे आणि पंधरा-सोळाव्या वर्षी केलेल्या त्या सहीने आडनावाचे स्पेलिंग आयुष्यभरासाठी ठरून जात असे. थोरल्या भावाचा अर्ज एका लिपिकाने आणि धाकट्याचा दुसऱ्याने भरला, तर एकाच घरात Sonawane आणि Sonavane दोन्ही येत.

बँकेचे तसे नव्हते. तिथे खातेदार सहीवरून ओळखला जाई आणि ओळख देणारा दुसरा खातेदार पुरेसा असे, त्यामुळे स्पेलिंगला फारसे महत्त्व नव्हते. पुढे लेजरमधली नावे संगणकावर चढवली गेली तेव्हा टंकलेखन करणाऱ्याला जे वाचता आले ते नोंदले गेले. ओळखीच्या कागदपत्रांची सक्ती या शतकाच्या सुरुवातीला आली, आणि पासबुकावरचे नाव दुसऱ्या कागदाशी जुळते की नाही हे तेव्हापासून काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले.

पासपोर्टच्या बाबतीत प्रकरण आणखी कडक आहे. यंत्राने वाचायच्या पासपोर्टवर खाली 44 अक्षरांच्या दोन ओळी असतात आणि त्यांतली पहिली अशी सुरू होते:

```
P<INDSONAWANE<<
```

व्हिसा आणि विमानाचे तिकीट याच रूपाशी ताडून पाहिले जाते. इथे रोमन रूप हे मराठी नावाचे लिप्यंतर उरत नाही, तेच नाव होते.

आणि नेमक्या याच ठिकाणी सगळ्या गोंधळाचे मूळ असलेला शब्द येतो: ‘दुरुस्ती’. Sonavane चे Sonawane करणे ही नावातली दुरुस्ती की नावात बदल? मराठी वाचणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही नाही, कारण आडनाव सोनवणे होते आणि सोनवणेच आहे. कार्यालयांच्या दृष्टीने मात्र दोन्ही शब्दांचे मार्ग वेगळे आहेत. दुरुस्ती म्हणजे मूळ नोंद बरोबर होती आणि पुढे उतरवताना चूक झाली, असे कागदाने दाखवणे. बदल म्हणजे जुने नाव सोडून नवे घेतल्याची प्रतिज्ञा आणि राजपत्रातली जाहिरात. गैरसोय अशी, की मूळ नोंद मराठीत असेल तर तिच्यावरून कोणतेच रोमन रूप चूक ठरवता येत नाही. दाखल्यावर ‘सोनवणे’ आहे हे दाखवून Sonavane चुकीचे होते असे सिद्ध होत नाही. म्हणून ज्याला दुरुस्ती हवी असते, त्यालाही अनेकदा राजपत्राकडे वळवले जाते. राजपत्रातली जाहिरात जुने कागद बदलत नाही. विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर त्याच्या नोंदीत बदल करण्यावर कडक मर्यादा आहेत, त्यामुळे दहावीचे प्रमाणपत्र बहुधा जुन्याच रूपात राहते आणि राजपत्राची प्रत त्याला कायमची जोडावी लागते.

यामुळे कोणते रूप धरावे यावर दोन मते पडली. उच्चाराला जवळचे रूप निवडावे आणि बाकी सारे त्याप्रमाणे करून घ्यावे, असे एक मत आहे. जो कागद बदलणे सर्वांत अवघड तो प्रमाण मानावा, असे दुसरे. प्रस्तुत लेखकाला दुसरे मत अधिक व्यवहार्य वाटते. समजा, एकाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि पदवीवर Sonavane, बँकेत Sonwane आणि आधारवर Sonawane आहे. उच्चाराच्या आग्रहाने Sonwane धरले, तर प्रमाणपत्र, पदवी आणि आधार हे तिन्ही मागे लागतात. Sonavane धरले, तर प्रमाणपत्र दाखवून आधी आधार आणि मग आधार दाखवून बँक, अशी दोनच कामे उरतात आणि पासपोर्टचा पहिला अर्ज त्यानंतर करता येतो. हा क्रम उलटा केला तर चुकीचे रूप पासपोर्टवर जाते, आणि पासपोर्ट आधीच काढलेला व वापरलेला असेल तर हिशोब बदलतो, कारण परदेशातल्या नोंदी मग त्याच रूपावर उभ्या असतात.

2010 पासूनच्या आधार नोंदणीने यात एक नवी तऱ्हा आणली. रोमनमध्ये टाकलेल्या नावावरून संगणकच मराठी रूप सुचवत असे. ते नीट न पाहिल्यास Sonawane चे ‘सोनावने’ होई आणि आजवर निर्धोक असलेले मराठी आडनावही बिघडे. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, तेव्हा हे करून पाहण्याचे ठिकाण नव्हे. पॅनमध्ये वेगळेच कोडे आहे. व्यक्तीच्या पॅनचे पाचवे अक्षर आडनावाचे पहिले अक्षर असते, त्यामुळे Vagh म्हणून काढलेल्या पॅनवर पुढे Wagh अशी दुरुस्ती झाली तरी क्रमांकातला V तसाच राहतो.

गोव्याचा इतिहास निराळा आहे. तिथे पोर्तुगीज वळणाने Dessai आणि Naique अशी रूपे जन्मनोंदणीतच रुळली आणि नाव बदलण्यासाठी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे.

अलीकडे हा सारा भार आयुष्याच्या आरंभाकडे सरकला आहे. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच द्यावे लागते, आणि महाराष्ट्रात ते मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मिळते. शाळेतही विद्यार्थ्याच्या नव्या ओळख क्रमांकासाठी आधारवरचे नाव शाळेच्या नोंदीशी जुळावे लागते. म्हणजे पूर्वी दहावीच्या अर्जावर होणारा निर्णय आता प्रसूतिगृहात भरल्या जाणाऱ्या फॉर्मवर होतो. तो भरताना आईच्या आणि वडिलांच्या कागदांवर आडनावाची दोन स्पेलिंगे असली, तर त्यांपैकी कोणते घ्यायचे हे विचारणारा रकाना त्या फॉर्मवर नसतो.