पहिल्या ईमेलमध्ये किती लिहायचं?

“पीएचडीसाठी विचारताना पहिल्याच ईमेलला पूर्ण संशोधन प्रस्ताव जोडला नाही, तर परदेशातले प्राध्यापक दखलच घेत नाहीत ना?”

तसं नाही. त्यांना आधी पाहायचं असतं ते एवढंच, की विषय त्यांच्या कामाशी जुळतो का. ‘मला किनारी परिसंस्थांमध्ये रस आहे’ हे कुणालाही पाठवता येतं, म्हणून ते वाया जातं. त्याऐवजी अशा अर्थाचं लिहा: ‘एमएस्सीसाठी मी गोव्यातल्या दिवाडी बेटावर, खाडीकाठी बांध घालून केलेल्या खाजन शेतांत, भरतीचं पाणी अडवणाऱ्या मानशीच्या दारांजवळच्या मातीची क्षारता मोजली. बांध फुटल्यावर ती किती काळ टिकते, हे शोधायचंय. तुमच्या खारफुटीवरच्या लेखातली पद्धत इथे वापरता येईल असं वाटतं.’ मग सरळ विचारा, पुढच्या वर्षी नवे विद्यार्थी घेणार आहात का? सीव्ही जोडा. प्रस्ताव मागितला की पाठवा. काही विद्यापीठांत मात्र तो अर्जासोबत लागतोच.