मुदत संपली आणि पैसे आले नाहीत तर?

कन्व्हर्टिबल बाँड आणि प्रेफरन्स शेअर, दोन्ही ‘थोडं कर्ज, थोडं भांडवल’ म्हणून एकाच दमात सांगितले जातात. कंपनीचं बरं चाललेलं असतं तोवर हे खपूनही जातं. फरक कळतो तो पैसे थकल्यावर.

आधी बाँड. समजा, एक लाखाचा बाँड आहे आणि रूपांतराचा भाव ५०० रुपये ठरलाय. म्हणजे हवे तर बाँडच्या बदल्यात २०० शेअर. बाजारात शेअरचा भाव ७०० वर गेला तर त्या शेअरचे १,४०,००० होतात, तेव्हा बदलून घ्यायचे. भाव ३०० वर अडकला तर शेअर ६०,०००चेच, मग बदलायचंच कशाला? एक लाख परत मागायचे. या निवडीच्या मोबदल्यात व्याज कमी मिळतं, कधी मिळतच नाही.

पुण्याच्या सुझलॉनने २००७ मध्ये असेच बिनव्याजी परकीय चलनातले बाँड काढले होते. रूपांतराचा भाव साडेतीनशेच्या पुढे होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये मुदत भरली तेव्हा शेअर वीस रुपयांच्याही खाली होता. साहजिकच सगळ्यांना पैसे हवे होते, आणि कंपनीने सुमारे २०.९ कोटी डॉलर थकवले. पण बाँडधारक धनको होते, त्यांना वगळून पुढचं काही ठरवणं शक्य नव्हतं. २०१४ च्या पुनर्रचनेत रूपांतराचा नवा भाव १५.४६ रुपये ठरला.

प्रेफरन्स शेअरचं नाव भारदस्त आहे, पण ‘प्रेफरन्स’ मिळतो तो साध्या भागधारकापुढे, धनकोपुढे नाही. १०० रुपयांच्या ९ टक्के शेअरवर वर्षाला ९ रुपये. तोट्याच्या वर्षी लाभांश नाही मिळाला तर ते कर्ज थकवणं नव्हे, म्हणजे डिफॉल्ट नाही. शेअर ‘क्युम्युलेटिव्ह’ असेल तर ते ९ रुपये पुढे साठत जातात, नसेल तर गेले. दोन वर्षं लाभांश मिळाला नाही की सर्व ठरावांवर मत देता येतं, पण मत दिलं म्हणून तिजोरीत पैसे येत नाहीत.

खरी मेख परतफेडीत आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ५५ नुसार हे शेअर साधारणपणे वीस वर्षांच्या आत परत घ्यावे लागतात. पण पैसा एक तर लाभांशाला उपलब्ध नफ्यातला हवा, नाहीतर त्यासाठी काढलेल्या नव्या शेअरमधून आलेला. खात्यात रोकड पडलेली असली तरी नफा साठलेला नसेल आणि नवे शेअर घ्यायला कोणी नसेल, तर ती रोकड यासाठी वापरताच येत नाही. बाँडच्या परतफेडीला अशी अट नाही.

गोंधळ वाढवायला रूपांतर होणारे प्रेफरन्स शेअरही असतात; स्टार्टअपमध्ये तर तेच जास्त. त्यामुळे माहितीपत्रकात ‘कन्व्हर्टिबल’ दिसलं म्हणून लगेच बाँड समजू नये. नावातला पुढचा शब्द ‘बाँड’ किंवा ‘डिबेंचर’ आहे की ‘शेअर’, ते आधी पाहावं.