दिव्याभोवतीची पाखरं आणि जवळपासचं वारूळ

जूनमधल्या पहिल्या दमदार सरीनंतर, दिवेलागणीला, ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. तासाभरात किडे गायब आणि सकाळी झाडून काढायला पारदर्शक पंखांचा ढीग. हे किडे पावसातून किंवा प्रकाशातून 'उपजतात' असं अजूनही अनेकांना वाटतं, आणि 'एका रात्रीचे पाहुणे' म्हणून ढीग सुपलीत भरला की विषय संपतो. खरं तर ही वाळवीची, म्हणजे उधईची, प्रजननासाठी बाहेर पडलेली पिढी असते. जमिनीखाली कित्येक वर्षं चालू असलेल्या वसाहतीचा वरून दिसणारा एवढाच भाग.

आधी ही वाळवीच आहे ना, ते पाहू, कारण याच दिवसांत पंखवाल्या मुंग्याही उडतात. वाळवीचे चारही पंख लांबीला जवळजवळ सारखे असतात आणि धडाच्या टोकापलीकडे जातात. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान. मुंगीची कंबर बारीक असते, वाळवीला कंबरच नसते. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, वाळवीच्या सरळ आणि मण्यांच्या माळेसारख्या. किडे उडून गेले असतील तरी बिघडत नाही. ढिगातले चार-पाच सुटे पंख कागदावर शेजारी शेजारी ठेवले आणि ते सारख्या मापाचे भरले, की उत्तर मिळालं.

पंख असे सुटे पडतात कसे, हा यातला सर्वांत सुंदर भाग. वाळवीच्या प्रत्येक पंखाच्या मुळाशी एक वाकडी, कमजोर रेघ असते. पोस्टाच्या तिकिटांमधली टोचलेली ओळ जशी नेमकी तिथेच फाटते, तसा पंख या रेघेवरच तुटतो. जमिनीवर उतरलेला किडा पंख खाली दाबतो, अंग पिळतो आणि क्षणात मोकळा होतो. अंगाला चार छोटे खुंट तेवढे उरतात. भिंगातून पाहिलं तर वारुळातल्या जुन्या राणीच्या पाठीवरही ते दिसतात, म्हणजे तीही कधीतरी अशीच उडाली होती. पंख तुटताच वागणूक उलटते. आतापर्यंत उजेडाकडे झेपावणारा किडा आता अंधार आणि फट शोधू लागतो. मादी पोट वर करून गंध सोडते, नर तिच्या मागोमाग धावतो आणि ही जोडी ओल्या मातीत शिरून बीळ आतून बंद करून घेते. पहिली अंडी आणि पहिली पिल्लं ही दोघंच सांभाळतात. बाहेरून अन्न येत नाही, त्यामुळे साठवलेली चरबी आणि आता निरुपयोगी झालेले उडण्याचे स्नायू अंगातच विरघळवून त्यावर भागवावं लागतं.

म्हणजे हे पंख एकाच छोट्या उड्डाणापुरते आहेत. वाळवी उडण्यात कच्ची. बहुतेक किडे काहीशे मीटरच्या आत उतरतात. वारा असला तर लांब जातात, पण मैलोन्‌मैल प्रवास करत नाहीत. शिवाय त्यांची त्वचा इतकी पातळ असते की कोरड्या हवेत ते लवकर सुकतात. म्हणूनच ते पाऊस पडून हवा दमट आणि माती मऊ होण्याची वाट पाहतात. पंखवाली पिल्लं काही महिने आधीपासून वाढत असतात. पूर्ण वाढली की पृष्ठभागाजवळच्या कप्प्यांत थांबतात. योग्य संध्याकाळी कामकरी वाळवी मातीत फटी पाडतात, सैनिक फटींच्या कडेला उभे राहतात आणि मग हजारोंची फौज बाहेर पडते. एकच पाऊस आजूबाजूच्या सगळ्या वारुळांना एकाच वेळी इशारा देतो, त्यामुळे वेगवेगळ्या वारुळांतले नर-मादी एकमेकांना भेटतात. यात दिव्याचा वाटा फक्त इतकाच की तो आधीच उडालेल्यांना एका जागी खेचतो. फरशीवर पडलेल्यांतले बहुतेक सरडे-पालींच्या, कोतवालांच्या किंवा मुंग्यांच्या तोंडी जातात.

आणखी एक गोष्ट हा थवा सांगतो. नवी वसाहत पंखवाली पिढी काढतच नाही. आधी कामकरी, मग सैनिक, आणि काही वर्षांनी वसाहत भरली की उडणारी फौज. तेव्हा जवळपास कुठेतरी मुरलेली, मोठी वसाहत आहे हे नक्की. तिला वारूळ दिसलंच पाहिजे असं नाही. अनेक प्रकारच्या वाळव्या जमिनीवर काहीच उभारत नाहीत. जिथे वारूळ उभं दिसतं तिथे आपल्याकडे ते नागाचं घर मानून पूजतात. नागाला माती रचता येत नाही. रिकाम्या बिळांत तो उंदरांमागे शिरतो, एवढंच. पावसात त्याच वारुळावर उगवणारी, गोव्याच्या बाजारात भाव खाणारी अळमी म्हणजे वाळवीनं आत पोसलेल्या बुरशीची फळं.

आता कळीचा प्रश्न: वसाहत घराबाहेर आहे की घरात? रस्त्याच्या दिव्यावर जमलेला थवा म्हणजे घर पोखरलं गेलं असं नव्हे. फोन करून घाबरवणाऱ्या पेस्ट कंट्रोलवाल्यांना हा फरक सांगायची घाई नसते. समजा, तळमजल्यावरच्या घरात खिडक्या बंद असूनही न्हाणीघराच्या चौकटीजवळ किडे दिसले. खोलीतला दिवा बंद करा, बाहेरचा लावा आणि टॉर्चनं चौकटीचा पाया पाहा. बाहेरून येणारे किडे आता बाहेरच्या दिव्याकडे वळतील. फटीतून येणारे मात्र येतच राहतील. सकाळी पंख कुठे पडलेत ते पाहा. खिडकीच्या बाहेरच्या कडेला असतील तर ते पाहुणे. बंद खिडकीच्या आतल्या कडेला, चौकटीच्या बुडाशी किंवा फरशीच्या भेगेपाशी ढीग असेल, तर वसाहत घराखाली आहे किंवा तिची वाट तरी घरातून जाते.

मग जोत्यावर, पाइपांच्या भोकांपाशी आणि कपाटाच्या मागे पेन्सिलच्या जाडीच्या मातीच्या नळ्या शोधा. नळीचा बोटभर तुकडा मोडून त्या जागेवर खूण करून ठेवा. दोन-तीन दिवसांत ती ओल्या मातीनं बुजवली गेली, तर वाट चालू आहे. नळी कोरडी आणि मोडलेलीच राहिली तर ती जुनी असू शकते. चौकटीवर टकटक केल्यावर पोकळ आवाज येत असेल तर आतलं लाकूड खाऊन संपत आलेलं असतं, वरचा रंग शाबूत असला तरी.

उडणाऱ्या किड्यांवर फवारा मारणं किंवा दिव्याखाली पाण्याची परात ठेवणं, यानं त्या संध्याकाळचा त्रास कमी होतो. वसाहतीला धक्का लागत नाही, कारण राजा-राणी आणि कामकरी जमिनीतच असतात. जुन्या इमारतीसाठी आयएस 6313 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात सांगितलेली पद्धत मातीवरच काम करते. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे सुमारे 30 सेंटिमीटर अंतरानं 12 मिलिमीटरची भोकं पाडून त्यांत पाण्यात मिसळलेलं कीटकनाशक सोडतात आणि भोकं बुजवतात. यात नेहमीची चूक म्हणजे किडे जिथे दिसले तेवढ्याच चौकटीला औषध देणं. मग वाळवी शेजारच्या औषध न पोहोचलेल्या मातीतून वाट काढते आणि पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या खोलीत पंख पडतात. मातीच्या नळ्या नाहीत, पण कपाटाखाली खसखशीएवढे सहापैलू कण सांडले आहेत, असं दिसलं तर ती कोरड्या लाकडात राहणारी वाळवी. तिचा मातीशी संबंध नसतो, त्यामुळे जमिनीला दिलेलं औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, उपचार त्या फर्निचरवरच करावा लागतो.