स्मॅशचा वेग नेमका कुठे मोजला? व्हिडिओवरून शटल मोजण्याची पार्श्वभूमी

१४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधल्या सोका शहरात, योनेक्सच्या कारखान्यातल्या जिममध्ये, सात्विकसाईराज रंकीरेड्डीने मारलेला स्मॅश ताशी ५६५ किलोमीटर भरला आणि गिनीजच्या यादीत गेला. त्याआधी मलेशियाच्या तान बून हेओंगने रॅकेटच्या चाचणीत २००९ साली ४२१ आणि २०१३ साली ४९३ गाठले होते. प्रत्यक्ष सामन्यांतले आकडे मात्र वेगळीच चाल दाखवतात. चीनच्या फू हाइफेंगचा २००५च्या सुदिरमन कपमधला स्मॅश ३३२ होता. जानेवारी २०१७ मध्ये आपल्याकडच्या प्रीमियर बॅडमिंटन लीगमध्ये डेन्मार्कच्या माड्स पीलर कोल्डिंगचा ४२६ नोंदला गेला.

हे आकडे एकाखाली एक मांडले की वाटतं, खेळाडू दर काही वर्षांनी शंभराने वेगवान होत गेले. रॅकेट हलक्या झाल्या आणि खेळाडूही ताकदवान झाले हे खरं. पण या आकड्यांमधला मोठा फरक शटल कुठे पकडलं यातून येतो. रॅकेटच्या गटिंगपासून वीतभर अंतरावर मोजलं की दोन मीटरवर, यावर एकाच स्मॅशचे दोन आकडे निघतात आणि दोन्ही खरे असतात. रेकॉर्ड केलेल्या सामन्यातून स्मॅश मोजण्याचा इतिहास म्हणजे उशिरा पकडलेल्या शटलवरून मागे, गटिंगपर्यंत पोचण्याचा इतिहास आहे.

शटल इतकं लवकर का मंदावतं, हे आधी समजून घ्यावं लागतं. वजन जेमतेम ४.७४ ते ५.५० ग्रॅम, पुढे बूच आणि मागे १६ पिसांचा घेर. १९८० साली पीस्ट्रेल, लिंच आणि आर्मेंटी या तिघांनी अमेरिकेत शटल सरळ खाली सोडून वेगवेगळ्या अंतरांना लागणारा वेळ मोजला. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असं त्यातून दिसलं. शटलचा पडण्याचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ६.८ मीटर निघाला. त्यापुढे ते कितीही उंचावरून पडलं तरी वेग वाढत नाही. २०१५ साली कोहेन आणि त्याच्या फ्रान्समधल्या सहकाऱ्यांनी हाच वेग ६.७ धरून शटलच्या उड्डाणाचं सविस्तर गणित मांडलं. त्यात एक लांबी महत्त्वाची आहे. कमाल वेगाचा वर्ग केला आणि त्याला गुरुत्वाकर्षणाच्या ९.८ ने भागलं की सुमारे ४.६ मीटर येतात. या लांबीला आपण L म्हणू. व्यवहारात तिचा अर्थ असा, की दर ३.२ मीटरला स्मॅशचा वेग निम्मा होतो. गटिंगवरून ४०० ने सुटलेलं शटल ३.२ मीटरवर २०० असतं, ६.४ वर १०० आणि साडेनऊ मीटरवर पन्नासच्या आसपास. बॅडमिंटनच्या कोर्टाची पूर्ण लांबी १३.४० मीटर आहे, हे लक्षात घेतलं की ही घसरण किती तीव्र आहे ते कळतं.

आता हेच शटल व्हिडिओत पाहू. टीव्हीचं साधं रेकॉर्डिंग सेकंदाला २५ फ्रेमचं असलं तर दोन फ्रेममध्ये ४० मिलिसेकंद जातात. तेवढ्यात ४०० चा स्मॅश साधारण ३.१ मीटर पार करतो. अंतर भागिले वेळ केलं तर उत्तर येतं ताशी २८०. तोच स्मॅश ५० फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये २० मिलिसेकंदांत १.८ मीटर जातो आणि उत्तर येतं ३२६. कॅमेऱ्याने चूक केलेली नसते. तो सरासरी सांगतो आणि आपण ती सुरुवातीचा वेग म्हणून वाचतो. सेकंदाला हजारो फ्रेम घेणारा कॅमेरा गटिंगजवळ लावला की सरासरी आणि सुरुवात जवळजवळ एक होतात. कारखान्यातले विक्रम म्हणूनच एवढे वर दिसतात.

सामन्यातला हा प्रश्न सोडवायचा पहिला मोठा प्रयत्न वेगासाठी नव्हता, रेषेसाठी होता. २०१४ साली दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये हॉक-आय अधिकृतपणे आलं. कोर्टाभोवती उंचावर बरेच कॅमेरे लावायचे, प्रत्येकाच्या चित्रात शटल शोधायचं आणि सगळ्या दृष्टिरेषा जिथे छेदतात तिथे शटल आहे असं धरायचं. यातून उंची थेट मिळते, मग शटल रेषेवर पडलं का ते सांगता येतं आणि जोडीला पडद्यावर वेगही दाखवता येतो. पण ही सोय मोठ्या स्पर्धांपुरती. बाकी सगळ्यांकडे, म्हणजे जिल्हा संघटनेच्या स्पर्धेत मुलाचा सामना चित्रित करणाऱ्या पालकापासून जुन्या ऑल इंग्लंडच्या टेप अभ्यासणाऱ्या प्रशिक्षकापर्यंत, एकच कॅमेरा असतो आणि तोही कोर्टाच्या मागे.

एका कॅमेऱ्यातून शटल कुठे पडलं हे काढायची जुनी युक्ती कोर्टाच्या रेषांवर उभी आहे. रुंदी ६.१० मीटर, नेटपासून शॉर्ट सर्व्हिसची रेष १.९८ मीटर, मागच्या रेषेपासून दुहेरीची लाँग सर्व्हिस रेष ०.७६ मीटर. ही मापं सगळीकडे सारखी असतात. चित्रातले चार कोपरे घ्यायचे, खऱ्या कोर्टाच्या चार कोपऱ्यांशी जोडायचे, की चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यासाठी जमिनीवरची जागा काढता येते. अडचण शटल हवेत असताना येते. ही पद्धत सगळं जमिनीला चिकटलेलं समजते आणि हवेतल्या शटलची जागा कॅमेऱ्यापासून आणखी लांब दाखवते.

यातली एक फसगत मी स्वतः बराच काळ केली. एका क्लबच्या सामन्यात मी प्रत्येक स्मॅश कुठे पडला त्याच्या खुणा करत होतो. कॅमेऱ्याकडे तोंड करून मारणाऱ्या खेळाडूचे स्मॅश नेहमी आखूड दिसायचे आणि कॅमेऱ्याकडे पाठ असलेल्याचे बरोबर खोल. मी त्यातून खेळाडूंबद्दल निष्कर्ष काढत होतो. मूळ कारण एवढंच होतं की जमिनीला टेकायच्या आधीची एक फ्रेम मी टेकण्याची म्हणून पकडत होतो.

हिशेब असा. कॅमेरा ६ मीटर उंच आणि जवळच्या मागच्या रेषेच्या ८ मीटर मागे आहे. टेकायच्या एक फ्रेम आधी शटल जमिनीपासून १० सेंटिमीटर वर आणि पडायच्या जागेपासून २७ सेंटिमीटर अलीकडे असतं. स्मॅश कॅमेऱ्यापासून लांब जाणारा असेल आणि २० मीटरवर पडणार असेल, तर हे ‘अलीकडे’ कॅमेऱ्याच्या दिशेला असतं. उंचीमुळे होणारी चूक मात्र शटलला सुमारे ३३ सेंटिमीटर लांब ढकलते. दोन्ही चुका एकमेकींना खातात आणि उरते फक्त ६ सेंटिमीटर. स्मॅश कॅमेऱ्याकडे येणारा असेल आणि १० मीटरवर पडणार असेल, तर शटल २७ सेंटिमीटर मागे असतं आणि उंची त्याला आणखी १७ मागे ढकलते. एकूण ४४ सेंटिमीटर, तेही दर वेळी एकाच दिशेला, नेटकडे. अशी चूक ओळखायची खूण सोपी आहे. खेळाडूंनी बाजू बदलल्यावर आखूडपणा खेळाडूबरोबर गेला तर तो खेळाडूचा. कोर्टाच्या त्याच बाजूला राहिला तर तो मोजमापाचा.

एवढी वर्षं हे काम हाताने व्हायचं, कारण शटल शोधणंच अवघड होतं. शटर १/१०० सेकंद उघडं असलं तर ४०० चं शटल तेवढ्यात मीटरभर सरकतं आणि चित्रात फिकट पांढरी रेघ उरते. ती प्रेक्षकांत, जाहिरातीच्या फलकावर, कधी खेळाडूच्या पांढऱ्या बुटावर हरवते. एकच फ्रेम पाहून माणसालाही ती सापडत नाही. आपण मागची-पुढची फ्रेम हलवून पाहतो आणि जे हलतं ते शटल समजतो. तैवानच्या नॅशनल चिआओ तुंग विद्यापीठातल्या गटाने २०१९ साली ट्रॅकनेट या संगणकीय पद्धतीत नेमकं हेच केलं. सलग तीन फ्रेम एकत्र द्यायच्या आणि शटल कुठे असण्याची शक्यता किती याचा नकाशा मागायचा. मूळ काम टेनिसच्या चेंडूवर भर देणारं होतं. २०२० मधली दुसरी आवृत्ती खास शटलसाठी आणि बरीच जलद होती. पॉल लियू आणि जुई-हसिएन वांग यांच्या २०२२ मधल्या मोनोट्रॅकने पुढची पायरी घेतली. एका कॅमेऱ्यातल्या ठिपक्यांच्या मालिकेला हवेच्या अडथळ्याचं गणित जोडलं आणि त्यातून शटलचा उंचीसकट मार्ग उभा केला. शटल कसंही उडू शकत नाही, त्याला L पाळावाच लागतो. दुसऱ्या कॅमेऱ्याची उणीव ही अट बऱ्याच अंशी भरून काढते.

तेच गणित हातानेही करता येतं.

```
v0 = L × (e^(s/L) − 1) / t
```

इथे s म्हणजे मारल्यापासून पडेपर्यंतचं अंतर, t त्याला लागलेला वेळ, e म्हणजे २.७१८ हा ठरलेला आकडा आणि v0 गटिंगवरचा वेग, सेकंदाला मीटरमध्ये. समजा उडी मारून २.८ मीटर उंचीवर, नेटच्या ४ मीटर मागून मारलेला स्मॅश पलीकडे ५ मीटरवर पडला. तिरकं अंतर ९.४ मीटर. ५० फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये मारण्यापासून टेकण्यापर्यंत १४ फ्रेम, म्हणजे ०.२८ सेकंद. साधा भागाकार केला तर ताशी १२१ येतात, जे ऐकून खेळाडू नाराज होईल. वरच्या सूत्राचं उत्तर ३.६ ने गुणून ताशी किलोमीटरमध्ये आणलं की ३९७ येतात. (गुरुत्वाकर्षणाने मार्गाला येणारा बाक मी इथे सोडला आहे. एवढ्या छोट्या उड्डाणात अंतर त्याने फारसं बदलत नाही.)

या ३९७ वर किती विसंबायचं? १४ ऐवजी १३ फ्रेम मोजल्या तर ४२८ येतात आणि १५ मोजल्या तर ३७१. म्हणून पडद्यावर ‘३९७’ असा नेमका आकडा देणं मला पटत नाही. ‘३७० ते ४३० च्या दरम्यान’ हे खरं उत्तर आहे. एक स्मॅश दुसऱ्यापेक्षा वीसने जोरात होता, असं अशा व्हिडिओवरून म्हणता येत नाही. दहा-पंधरा स्मॅशची सरासरी घेतली तर फ्रेमची चूक बरीच निवते.

L ची चूक मात्र सरासरीने जात नाही. ४.६ ऐवजी ४.४ धरले तर तोच स्मॅश ४२३ होतो आणि सामन्यातला प्रत्येक स्मॅश तसाच वर सरकतो. गरम किंवा उंचावरच्या हॉलमध्ये हवा विरळ असते, तिथे L वाढतो. पिसं फिसकटली की तोही बदलतो. शिवाय मारल्या क्षणी शटल बूच मागे ठेवून सुटतं आणि पहिल्या काही मिलिसेकंदांत उलटून सरळ होतं. तेवढ्या काळात त्याला एकच L लागू पडत नाही.

म्हणून मी L पुस्तकातून न घेता त्याच रेकॉर्डिंगमधून काढतो. एकेरीत कुणीतरी कधीतरी उंच, खोल सर्व्हिस करतं आणि शटल मागच्या रेषेजवळ जवळजवळ सरळ खाली येतं. त्याच्या शेवटच्या मीटरभराच्या फ्रेम मोजायच्या. उंचीचं माप नेटच्या खांबावरून मिळतं, तो १.५५ मीटर असतो. मात्र खांब कॅमेऱ्यापासून वेगळ्या अंतरावर असतो, तो फरक हिशेबात घ्यावा लागतो. पाच मीटर पडल्यावरही शटल कमाल वेगाच्या ९४ टक्क्यांवरच असतं, म्हणून निघालेला वेग ०.९४ ने भागायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ९.८ ने भागायचं. ही दुरुस्ती विसरली तर L बारा टक्क्यांनी कमी येतो आणि स्मॅश फुगून दिसतात. अशा चार-पाच सर्व्हिस मिळाल्या की त्या दिवसाच्या, त्या हॉलमधल्या, त्या डब्यातल्या शटलचा L हाती येतो. दुहेरीच्या सामन्यात उंच सर्व्हिस नसते. तिथे बचावात उचललेल्या उंच लिफ्टची वाट पाहावी लागते, आणि ती जमिनीवर पडू दिली जात नसल्याने रॅकेटला लागायच्या आधीच्या सहा-सात फ्रेमवर भागवावं लागतं.