मुखडा कोणत्या मात्रेवरून उठतो, हे आधी कळवावे
(ख्यालाच्या ध्वनिमुद्रणासाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या ध्वनिमुद्रणालयात परीक्षेसाठी, स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी किंवा केवळ स्वतःच्या संग्रहासाठी ख्याल ध्वनिमुद्रित करू इच्छिणारे विद्यार्थी आणि हौशी गायक वर्षभर येत असतात. नोंदणी करताना राग, ताल, लय आणि पट्टी एवढी माहिती बहुतेक जण न विचारता देतात. मात्र बंदिशीचा मुखडा कितव्या मात्रेवरून उठतो आणि सम कोणत्या अक्षरावर येते, असे आम्ही विचारले की बरेचदा उत्तर मिळत नाही, आणि ‘ते तबलावाले पाहून घेतील’ असे सांगितले जाते. तबलावादक ते पाहून घेऊ शकत नाहीत. ध्वनिमुद्रणाचा सर्वाधिक वेळ याच एका गोष्टीपायी वाया जातो, म्हणून हे पत्रक तिच्यासाठीच लिहिले आहे.

स्थायी आणि अंतरा हे बंदिशीचे दोन भाग आपणांस ठाऊक आहेतच. परंतु भावगीताच्या ध्रुवपदाकडे आणि कडव्याकडे आपण ज्या दृष्टीने पाहतो, त्याच दृष्टीने त्यांच्याकडे पाहिले की घोटाळा होतो. भावगीतात ओळी म्हणून झाल्या की गाणे झाले. ख्यालात स्थायी-अंतरा मांडून झाल्यावर खरे गायन सुरू होते, आणि त्यानंतरचे आलाप, बोलआलाप, बोलताना व ताना या सर्वांना परत येण्यासाठी एकच ठरलेली जागा असते, ती म्हणजे स्थायीच्या पहिल्या ओळीचा समेपर्यंतचा तुकडा. हाच मुखडा. गायक जे आयत्या वेळी सुचून गातो ते किती लांबवायचे, कोठे सोडायचे आणि कोणत्या स्वरावरून मुखड्याला हात घालायचा, हे सारे या तुकड्याच्या लांबीवर ठरते.

उदाहरण म्हणून यमनमधील एक ओळ घेऊ. ही कोणत्याही संग्रहातील बंदीश नाही. केवळ समजावून सांगण्यासाठी आम्हीच शब्द जुळवले आहेत. ताल तीनताल, लय मध्य, शब्द ‘सांझ समे मन लागे ना’.

मात्रा ९ ते १२ : सां ऽ झ स
मात्रा १३ ते १६ : मे ऽ म न
मात्रा १ ते ४ : ला ऽ गे ऽ
मात्रा ५ ते ८ : ना ऽ ऽ ऽ

मुखड्याचे स्वर ‘नि ऽ ध प, म॑ ऽ प रे’ असे असून (म॑ म्हणजे तीव्र मध्यम) ‘ला’ या अक्षरावर गंधार येतो. गंधार हा यमनचा वादी स्वर, आणि समही त्याच्यावरच. ओळीची सुरुवात मात्र समेवर नसून खालीवर, म्हणजे नवव्या मात्रेवर आहे.

आता चूक कशी होते ते पाहावे. ज्यांनी बंदीश तबल्याशिवाय, केवळ कानाने ऐकून पाठ केली आहे, ते ओळीचा पहिला शब्द म्हणजेच सम असे समजून ‘सां’ हे अक्षर पहिल्या मात्रेवर धरतात. तीनताल दोन्ही अर्धांत आठ-आठ मात्रांचा असल्यामुळे ओळ तालात नेमकी बसते, काही बिघडले आहे असे गाणाऱ्याला मुळीच वाटत नाही, आणि पालकही समाधानाने माना डोलावतात. परंतु ठेका ऐकला तर मुखड्याखाली ‘धा धिं धिं धा’ वाजत असते, आणि ज्या ‘ला’वर तबल्याचा भरदार धा यायला हवा तेथे खाली येऊन पुढे ‘तिं तिं ता’ लागते. संपूर्ण बंदीश अर्ध्या आवर्तनाने उलटी झालेली असते. तबलावादक सवयीने गायकाच्या जोरावर सम शोधतो, गायक आपल्या समजुतीच्या समेवर ठाम असतो, आणि तीन-चार आवर्तनांनंतर दोघेही एकमेकांकडे पाहत थांबतात.

ही चूक घरी ओळखण्यास वाद्य लागत नाही. हाताने ताल धरून ओळ गावी आणि मुखडा संपून पुढचे अक्षर जेथे टेकते तेथे आपला हात काय करतो ते पाहावे. टाळी पडली तर ठीक. हात बाजूला गेला, म्हणजे खाली दाखवली गेली, तर बंदीश उलटी बसली आहे. पहिल्या मात्रेची टाळी आणि पाचव्या किंवा तेराव्या मात्रेची टाळी यांत गल्लत होऊ नये म्हणून मात्रा तोंडाने मोजूनही पाहाव्यात. बंदीश भातखंडे पद्धतीच्या लिपीत लिहिलेली असेल तर समेखाली × आणि खालीखाली ० असते, त्यामुळे उत्तर वहीतच मिळते. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला + ही खूण असते, एवढे लक्षात ठेवावे. दोन पद्धतींच्या वह्या एकत्र वापरणारे विद्यार्थी येथे हमखास अडखळतात.

मुखड्याची जागा पक्की झाली की आलाप-तानांचा हिशोब आपोआप सुटतो. वरील बंदीश मिनिटाला १२० मात्रा अशा लयीत गायली तर एक आवर्तन ८ सेकंदांचे होते. त्यातील शेवटची ४ सेकंदे मुखड्याची. समेपासून आठव्या मात्रेपर्यंतची ४ सेकंदे तेवढी मोकळी. चार आवर्तनांचा आलाप करायचा असेल तर ५६ मात्रा, म्हणजे २८ सेकंदे, आपल्या हातात असतात, आणि चौथ्या आवर्तनाच्या आठव्या मात्रेवर स्वर सोडून ‘सांझ’ उचलावे लागते. मात्रेला दोन स्वर असलेली तान समेपासून घेतली तर १६ स्वरांत ती आठव्या मात्रेला पुरी होते. अनेक विद्यार्थी १८ स्वरांची तान पाठ करून येतात. ती नवव्या मात्रेत घुसते, मग ‘सांझ समे मन’ हे आठ मात्रांचे शब्द सातांत कोंबले जातात किंवा ‘ला’ हे अक्षर समेऐवजी पुढच्या मात्रेवर पडते. त्या तानेचे सुरुवातीचे दोन स्वर कमी करावेत किंवा ती एक मात्रा आधी, सोळाव्या मात्रेपासून, उचलावी. दोन्ही उपाय चालतात, मात्र ते आमच्या माइकपुढे नव्हे, घरी ठरवावेत.

मुखडा कोणत्या स्वरापासून सुरू होतो याचाही विचार असावा. आमच्या उदाहरणात तो मध्य सप्तकातील निषादावर आहे, म्हणून तार षड्जाच्या आसपास सुटलेली तान त्यात सहज मिसळते. मंद्र सप्तकात विसावलेल्या आलापानंतर मात्र एकदम वर उडी मारावी लागते. तेव्हा आलापाचे शेवटचे दोन-चार स्वर पंचमापर्यंत चढवत आणावेत.

अंतऱ्याविषयी प्रश्न येतात ते बहुतेक ‘तो केव्हा गायचा’ असे. स्थायीच्या आधाराने होणारी बढत मंद्र आणि मध्य सप्तकात चालते आणि हळूहळू तार षड्जापर्यंत पोहोचते. यमनमधील पुष्कळ बंदिशींचा अंतरा गंधार-पंचमाच्या परिसरातून उठून तार षड्जावर टेकतो, आणि त्यामुळे वरच्या सप्तकातील आलापांना जागा मिळते. अंतऱ्याच्या पहिल्या ओळीलाही स्वतःचा मुखडा असतो, आणि त्याची मात्रा स्थायीच्या मुखड्याहून वेगळी असू शकते. शेवटची ओळ मात्र अशी बांधलेली असते की उतरता उतरता स्थायीचा मुखडा त्याच्या ठरलेल्या मात्रेवर उचलता यावा. अंतरा संपवून तेथेच थांबणे हे शाळेच्या संमेलनात खपून जाते, ख्यालात नाही. मध्यलयीच्या छोट्या ख्यालात स्थायी दोनदा, मग अंतरा, पुन्हा स्थायी आणि त्यानंतर आलाप-ताना असा क्रम सर्वांना सोयीचा असतो. ग्वाल्हेर परंपरेचे गायक विलंबित ख्यालातही स्थायी आणि अंतरा आरंभीच लागोपाठ मांडतात. याउलट उस्ताद अमीर खाँ यांच्या अनेक विलंबित ध्वनिमुद्रणांत अंतरा नाही, आणि हा दाखला आम्हांला पुष्कळदा ऐकवला जातो. तेथेही प्रत्येक बढतीनंतर मुखडा आपल्या जागी येतोच, एवढे ऐकून पाहावे. शिवाय परीक्षेत अंतरा विचारला जातो.

विलंबित एकतालात अडचण निराळी असते. मात्रेला चार सेकंद धरली तर १२ मात्रांचे आवर्तन ४८ सेकंदांचे होते, आणि मुखडा बहुधा शेवटच्या एक-दोन मात्रांत असतो. मोकळी जागा इतकी मोठी की नवशिका गायक मुखडा लवकर घेतो आणि समेपाशी ताटकळतो. त्यासाठी ठेक्यातील दुसरे ‘तिरकिट’ ऐकण्याची सवय करावी. ते दहाव्या मात्रेवर येते, आणि त्यानंतर ‘धी ना’ एवढ्या दोनच मात्रा उरतात.

आमच्या एका नियमाविषयी नाराजी व्यक्त होते, म्हणून त्याचे कारण देतो. ‘चुकलेली एक मात्रा संगणकावर कापून द्या’ ही विनंती आम्ही स्वीकारत नाही. एक मात्रा कापली की ते आवर्तन १५ मात्रांचे होते. आवाज कितीही सफाईने जोडला तरी ठेका लंगडतो आणि परीक्षकाच्या कानाला ते लगेच कळते. कापता येते ते पूर्ण आवर्तन, आणि तेही सम ते सम किंवा मुखडा ते मुखडा असे. त्यातही अडचण असते, कारण ख्यालाची लय शेवटाकडे थोडी वाढत जाते. आठव्या मिनिटाला चुकलेल्या तानेच्या जागी दुसऱ्या मिनिटातील आवर्तन बसवले तर लय मागे पडल्यासारखी वाटते. गायकाच्या कानात यांत्रिक टकटक देऊन लय बांधून ठेवण्याचा उपाय आम्ही जाणूनबुजून टाळतो. त्याने जोडकाम सोपे होते, पण गाणे घड्याळाला टांगल्यासारखे होते.

म्हणूनच साथीदारांना बोलावण्यापूर्वी आम्ही अर्ध्या तासाची पूर्वतपासणी ठेवली आहे. तीत आपण हाताने ताल धरून स्थायी-अंतरा गावा, एक आलाप आणि दोन ताना घेऊन मुखड्यावर यावे, एवढेच अपेक्षित असते. या अर्ध्या तासाचे शुल्क का, असे विचारले जाते. तबला आणि संवादिनीचे कलावंत बसून असताना मुखड्याची मात्रा शोधणे ग्राहकालाच अधिक महाग पडते, हे त्याचे उत्तर. पुढील ध्वनिमुद्रण आमच्याकडेच केल्यास हे शुल्क अंतिम देयकातून वजा केले जाते.

ज्यांना घरी तयारी करायची आहे त्यांच्यासाठी आम्ही तानपुरा, संवादिनीचा लेहरा आणि ठेका यांचे ध्वनिमुद्रित संच काळी एक ते काळी पाच या पट्ट्यांत, मागणीप्रमाणे लयीत तयार करून देतो. तबला प्रत्यक्ष वाजवलेला असतो आणि खाली स्पष्ट ऐकू येईल अशा बेताने तो घेतलेला असतो. परगावच्या व परदेशातील ग्राहकांनी मागणीसोबत फोनवर स्वतः टाळी देत गायलेली स्थायी आणि अंतरा पाठवावा. मुखडा नवव्या मात्रेवरचा आहे की अन्य कोणत्या, हे त्यावरून आम्ही तपासतो आणि आपल्या मुखड्याच्या आधीच्या मात्रेवर हलका इशारा असलेला वेगळा संच त्याच दरात देतो. इशाऱ्याचा संच पहिल्या काही दिवसांसाठी वापरावा. ध्वनिमुद्रणाच्या आधीचा किमान एक आठवडा साध्या ठेक्यावरच रियाज करावा, कारण प्रत्यक्ष साथीत तो इशारा नसतो.